केस कॉमेंट तपासायची कशी? ‘ओल्गा टेलिस’ समोर ठेवून

लॉ कॉलेजच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर नाव आलं की पहिल्याच आठवड्यात हातात कुणाची तरी केस कॉमेंट, म्हणजे एखाद्या न्यायालयीन निकालाचा सारांश आणि मूल्यमापन मांडणारा लेख, पडते आणि सांगितलं जातं, ‘तपासून दे.’ काय तपासायचं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मग नवखा माणूस ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, दोन ठिकाणी संदर्भाचा साचा नीट करतो आणि शेवटी ‘चांगला प्रयत्न’ लिहून मोकळा होतो. खरं काम दोनच प्रश्नांचं आहे. निकालात जे आहे तेच लेखकाने सांगितलं आहे का? आणि निकालाच्या तर्काला त्याने खरोखर हात घातला आहे का?

हे दोन्ही कसं पाहायचं ते एकाच निकालावर करून बघू. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, सर्वोच्च न्यायालय, १० जुलै १९८५, (१९८५) ३ एससीसी ५४५, म्हणजे निकाल छापणाऱ्या ‘एससीसी’ या मालिकेतला १९८५ चा तिसरा खंड, पान ५४५. हा निकाल मुद्दाम घेतला आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं नाव माहीत असतं आणि बहुतेकांना तो चुकीचा माहीत असतो.

आधी निकाल, तोही शेवटाकडून

कॉमेंट उघडण्याआधी निकाल स्वतः वाचा. आधी कॉमेंट वाचली की लेखकाच्या चष्म्यातूनच निकाल दिसायला लागतो आणि त्याने गाळलेलं तुमच्याही नजरेतून सुटतं. वाचताना आधी शेवटची दोन-तीन पानं घ्या, कारण आदेश तिथे असतो. याचिकेचं काय झालं, कुणाला काय करायला सांगितलं, कधीपर्यंत, हे कागदावर उतरवा. मग पहिल्या पानापासून वाचत या.

हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, विसंबू नका. ती निकाल छापणाऱ्या मालिकेचा संपादक लिहितो, न्यायमूर्ती लिहीत नाहीत. कॉमेंटमधलं सारांशाचं वाक्य हेडनोटच्या वाक्याशी शब्दशः जुळलं, तर लेखकाने निकाल उघडलेलाच नाही अशी शंका घ्यायला जागा आहे.

ओल्गा टेलिसपुरतं तुमच्या कागदावर साधारण एवढं यायला हवं. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. पावसाळ्यातच झोपड्या पाडायला सुरुवात झाली. काही रहिवासी आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपण सांगत नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडकामाला अडथळा आणणार नाही, असं त्यांच्या वतीने तिथे सांगण्यात आलं होतं. पुढे फुटपाथवासी, झोपडपट्टीवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्कांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात आल्या. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला.

सारांश वाक्यावाक्याने ताडून पाहा

आता कॉमेंट उघडा. ‘सारांश बरोबर वाटतो’ असं एकंदर मत बनवू नका. प्रत्येक विधानापुढे निकालातला परिच्छेद क्रमांक लिहा. क्रमांक सापडला नाही, तर ते विधान लाल. एससीसी आणि एआयआर या निकाल छापणाऱ्या दोन मालिकांच्या आवृत्त्यांत परिच्छेदांची विभागणी वेगळी असू शकते, म्हणून लेखकाने कुठली वापरली ते आधी बघून घ्या.

खालचा उतारा मी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक नेहमी भेटणारी आहे:

‘सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या बाजूने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये येत असल्याने पर्यायी जागा दिल्याशिवाय त्यांना हटवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार देणारे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४ घटनाबाह्य ठरले.’

वाचायला सफाईदार आहे. तिन्ही वाक्यं चूक आहेत, आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या जातीची आहे, म्हणून एकेक करून पाहू.

पहिल्या वाक्यात तत्त्व आणि फळ यांची गल्लत आहे. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केलं, अगदी ठासून. उपजीविकेचं साधन काढून घेणं हाच एखाद्याचं जगणं काढून घेण्याचा सर्वात सोपा मार्ग ठरेल, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. पण आदेशात काय आहे? फुटपाथ किंवा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर अतिक्रमण करण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि आयुक्तांची हटवण्याची कारवाई योग्य होती. रहिवाशांना मिळाली ती मुदत: पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावायचा नाही. तत्त्व जिंकलं आणि याचिकाकर्ते हरले, असं बऱ्याच मोठ्या निकालांत होतं. सारांशात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

दुसऱ्या वाक्यातली चूक जास्त चोरटी आहे, कारण पर्यायी जागांचा उल्लेख निकालात खरोखरच आहे. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फुटपाथवासीयांना मालवणी किंवा अशाच सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, असं न्यायालय म्हणतं. पण त्याच वाक्यात, हटवण्याआधीची पूर्वअट म्हणून नव्हे, असंही म्हणतं. ओळखपत्रं दिलेल्या आणि घरांना क्रमांक पडलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी वेगळं वाक्य आहे. वीसेक वर्षं जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्यांसाठी आणखी वेगळं: सार्वजनिक कामासाठी जमीन लागली तरच त्या हलवायच्या आणि तेव्हा पर्याय द्यायचा. कॉमेंटमध्ये हे तिन्ही गट ‘झोपडपट्टीवासी’ या एका शब्दात कोंबले असतील, तर सारांश चुकला.

शिवाय हे निर्देश कशावर उभे आहेत तेही पाहा. सरकारने आपल्या प्रतिज्ञापत्रांत जी आश्वासनं दिली होती ती पाळली गेली पाहिजेत, अशी न्यायालयाची मांडणी आहे. ‘कलम २१ मधून पर्यायी जागेचा हक्क निघतो’ असं न्यायालय इथे म्हणत नाही. उलट, उपजीविकेची साधनं पुरवण्याची सक्ती राज्यावर करता येणार नाही, पण न्याय्य प्रक्रियेशिवाय असलेली उपजीविका हिरावली तर दाद मागता येते, एवढ्यावर ते थांबतं. ‘न्यायालयाने ठरवले’ हे क्रियापद दिसलं की थांबायची सवय लावून घ्या. ठरवलं, निरीक्षण नोंदवलं, आश्वासनाची नोंद घेतली, अपेक्षा व्यक्त केली: या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं वाक्य निकालाच्या नेमकं उलट आहे. कलम ३१४ टिकलं. ते टिकवण्यासाठी न्यायालयाने त्याचा अर्थ आकुंचित केला. नोटीस न देता हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण तो विवेकाधिकार आहे, नोटीस देऊच नये अशी ती आज्ञा नाही. नेहमीचा नियम नोटीस देण्याचा आणि ऐकून घेण्याचा, अपवाद तातडीच्या परिस्थितीचा. तरतूद रद्द करणं आणि तिचा अर्थ लावून ती वाचवणं यातला फरक ज्याला दिसला नाही, त्याची पुढची टीकाही हमखास भरकटते.

चौथी एक चूक या उताऱ्यात नाही, पण ती सर्वात जास्त आढळते: वकिलाचं म्हणणं न्यायालयाच्या तोंडी घालणं. अतिक्रमण करणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतंच, तेव्हा नोटीस देऊन उपयोग काय, हे वाक्य निकालात सापडेल. पण तो महापालिकेच्या वकिलांचा युक्तिवाद आहे आणि न्यायालयाने तो फेटाळला आहे. जुन्या निकालपत्रांत युक्तिवाद पानंच्या पानं चालतात, त्यामुळे अवतरण दिसलं की त्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं मूळ निकालात जाऊन वाचायचीच.

मग तेवढ्याच लांबीचा बरोबर सारांश कसा दिसेल? साधारण असा: ‘उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये येतो, हे न्यायालयाने मान्य केले. तरी न्याय्य प्रक्रियेने तो काढून घेता येतो, आणि कलम ३१४ ही प्रक्रिया, नोटीस हा नियम मानून वाचल्यास, अवाजवी नाही, असे ठरवले. फुटपाथवरील अतिक्रमणे काढण्यास मुभा दिली, मात्र ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत ती थांबवली आणि शासनाने दिलेली पुनर्वसनाची आश्वासने पाळण्यास सांगितले.’ लेखकाला शेरा देताना असा नमुना समोर ठेवला तर वाद होत नाहीत.

रेशो कोणता, हे लेखकाने दाखवलंय का?

बहुतेक कॉमेंटमध्ये ‘रेशो’, म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे ते तत्त्व, या मथळ्याखाली निकालातलं सर्वात सुंदर वाक्य टाकलेलं असतं. तुम्ही एक साधी चाचणी लावा: हे विधान काढून टाकलं तर निकाल तसाच उभा राहतो का?

उपजीविकेचं तत्त्व काढून पाहा. याचिका तरीही अपयशी ठरली असती, उलट लवकर ठरली असती. मग ते ऑबिटर, म्हणजे निकालाला गरज नसताना जाता जाता केलेलं विधान, म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. कलम २१ लागू आहे असं धरल्यावरच ‘प्रक्रिया न्याय्य आहे का’ हा प्रश्न घटनात्मक पातळीवर उभा राहिला, आणि कलम ३१४ चा अर्थ आकुंचित करण्याची गरज त्यातून आली. ती पायरी वगळून न्यायालय तिथे पोचलं नसतं. पण समोरची बाजू अशी की सुनावणीची गरज साध्या प्रशासकीय कायद्यातूनही निघते, त्यासाठी कलम २१ लागतंच असं नाही. तपासणारा म्हणून तुम्हाला यातली एक बाजू घ्यायची नाही. लेखकाने जी घेतली त्यामागे कारण दिलं आहे का, एवढंच पाहायचं.

टीका तर्कावर आहे की निकाल आवडला नाही यावर?

इथे खरा कस लागतो. ‘निकाल निराशाजनक आहे, न्यायालयाने गरिबांसाठी आणखी काही करायला हवं होतं.’ हे मत आहे, आणि कदाचित रास्तही आहे, पण ते निकालाच्या एकाही पायरीला स्पर्श करत नाही. हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही निकालाखाली चिकटवता येतं का, असं स्वतःला विचारा. चिकटत असेल तर समासात लिहा: ‘कोणत्या परिच्छेदातला कोणता तर्क?’

चांगली टीका कशी असते ते एका मुद्द्यावर सविस्तर पाहू, कारण या निकालात तशी जागा आहे.

न्यायालय म्हणतं की ऐकून घेण्याला दोन अंगं आहेत. सुनावणीमुळे निर्णय बरोबर येण्याची शक्यता वाढते, हे एक. आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा त्याला माणूस म्हणून बोलू देण्याला स्वतःचं मोल आहे, हे दुसरं. याच आधारावर ‘नोटीस देऊन उपयोग काय’ हा युक्तिवाद न्यायालय फेटाळतं, आणि त्यासाठी एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या १९८० च्या निकालाचा आधार घेतं. इथपर्यंत सगळं सुसंगत आहे. पण पुढे न्यायालय म्हणतं की एरवी आम्ही आयुक्तांना सुनावणी घ्यायला सांगितलं असतं, पण आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच इथे भरपूर दिली आहे, दोन्ही बाजू तपशिलात ऐकल्या आहेत, तेव्हा परत पाठवण्याची गरज नाही.

सजग लेखक इथेच थांबतो. बोलू देण्याला स्वतंत्र मोल असेल, तर दिल्लीत ज्येष्ठ वकिलांनी केलेला युक्तिवाद हा फुटपाथवरच्या प्रत्येक कुटुंबाच्या सुनावणीचा पर्याय कसा होतो? न्यायालयासमोर मोजके याचिकाकर्ते होते आणि निकालाचा परिणाम हजारोंवर होणार होता. १९७६ च्या गणनेत नाव होतं की नव्हतं, झोपडी खरोखर वाट अडवते का, हे प्रश्न ज्याच्या-त्याच्या कागदपत्रांवरून सुटणारे आहेत. मग ज्या तत्त्वाने महापालिकेचा युक्तिवाद पडला, त्याच तत्त्वाने न्यायालयाचा स्वतःचा शेवटही अडचणीत येतो. ही टीका निकालाच्याच शब्दांवर उभी आहे, म्हणून ती टाळता येत नाही.

एवढं लिहिणाऱ्याला मी चांगला शेरा देईन. पण कॉमेंट उत्तम ठरते ती पुढच्या पायरीवर, न्यायालयाचं सर्वात मजबूत उत्तर लेखक स्वतः मांडतो तेव्हा. एस. एल. कपूरमध्येच एक अपवाद आहे: वस्तुस्थिती मान्य किंवा निर्विवाद असेल आणि तीवरून एकच निष्कर्ष शक्य असेल, तर न्यायालय पुन्हा सुनावणीचा पोकळ आदेश देणार नाही. फुटपाथवर झोपड्या आहेत हे कुणीच नाकारत नव्हतं. मग हा निकाल त्या अपवादात बसतो का? लेखक म्हणू शकतो की झोपडी आहे ही गोष्ट निर्विवाद असली, तरी ती आजच, नोटिशीविना हटवावी का ही निर्विवाद नव्हती. किंवा म्हणू शकतो की हो, बसतो. दोन्ही चालेल. उत्तर दडवून टीका केली असेल तर मात्र ती अपुरी, आणि अहवालात हे स्पष्ट लिहा.

उलटा दोषही असतो. काही कॉमेंट ‘ऐतिहासिक’, ‘मैलाचा दगड’ अशा शब्दांनी भरलेल्या असतात. स्तुती हेही मूल्यमापनच आहे आणि तिलाही कारणं लागतात. उदाहरणार्थ, उच्च न्यायालयातल्या कबुलीमुळे याचिकाकर्त्यांना आता मूलभूत हक्क सांगता येणार नाही, हा आक्षेप फेटाळताना न्यायालयाने मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत असं ठरवलं. हा भाग भक्कम आहे असं लेखक म्हणत असेल, तर तो का भक्कम आहे आणि बशेशर नाथ या १९५८ च्या निकालापासून तो कुठे पुढे जातो किंवा जात नाही, हे त्याने सांगायला हवं.

पुढे काय झालं, हे तारखेनिशी

लेखकाने निकालाची आजची स्थिती सांगितली असेल तर प्रत्येक नंतरचा निकाल उघडून पाहा. निदान त्यात ओल्गा टेलिसचा उल्लेख ज्या परिच्छेदात आहे तो तरी. सोदान सिंग या १९८९ च्या निकालात फेरीवाल्यांचा प्रश्न होता. तिथे न्यायालयाने तो हक्क कलम १९(१)(छ) खाली, म्हणजे व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याखाली, पाहिला आणि कलम २१ चा आधार मान्य केला नाही. ‘नंतरच्या सर्व निकालांनी ओल्गा टेलिसचा विस्तार केला’ असं सरसकट वाक्य कुणी लिहिलं असेल, तर हा एकच निकाल ते पाडायला पुरेसा आहे.

बुलडोझर कारवाईवरचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल हल्ली प्रत्येक कॉमेंटच्या शेवटी येतो. पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, हा त्यातला निर्देश सगळ्यांना पाठ असतो. पण रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. म्हणजे ओल्गा टेलिसमधले रहिवासी आज असते, तर त्यांना या १५ दिवसांचा आधार मिळाला नसता. १९८५ च्या अर्थविवरणावरच त्यांना भिस्त ठेवावी लागली असती. ‘२०२४ च्या निकालाने फुटपाथवासीयांना अखेर न्याय मिळाला’ असं वाचलंत, तर लेखकाने तो निकालही बातमीवरूनच घेतला आहे, हे समजा.

अहवाल लिहिताना

सारांश आणि मूल्यमापन यांचे शेरे वेगळे ठेवा. सारांशातली चूक ही दुरुस्ती असते: परिच्छेद क्रमांक द्या, बरोबर वाक्य द्या, विषय संपला. मूल्यमापनावरचा शेरा प्रश्नाच्या रूपात द्या, कारण मत लेखकाचं आहे आणि ते तुमच्या मतासारखं असायची गरज नाही. दोन्ही एकत्र केले की लेखकाला वाटतं तुम्हाला त्याची भूमिकाच पटलेली नाही, आणि मग तो खरी चूकही मान्य करत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. निकालाचं फळच उलटं सांगितलं असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहा आणि पुढचं तपासणं तिथेच थांबवा. कलम ३१४ रद्द झालं असं धरून केलेली दहा पानांची टीका कितीही देखणी असली, तरी ती न झालेल्या निकालावरची आहे. ती आधी दुरुस्त होऊन परत येऊ दे, मग तर्काचं पाहू. तपशिलाची चूक, म्हणजे तारीख, पीठातल्या न्यायमूर्तींची संख्या, गणनेचं वर्ष, ही मात्र शेवटी एका यादीत द्या. सुरुवातीलाच अशा पंधरा बारीक खुणा दिसल्या की लेखक त्या निस्तरत बसतो आणि मोठा शेरा वाचायचा राहून जातो.